जुन्या काँक्रीटमधील अदृश्य दोषांचा शोध : श्राव्यातीत स्पंदवेग आणि अर्धघट विभव

सलोह काँक्रीटचा दोष डोळ्यांना दिसू लागतो, तेव्हा तो बहुधा बराच जुना झालेला असतो. तुळईच्या तळाशी सळईच्या रेषेत तडा गेला, गंजाचे तपकिरी ओघळ उमटले किंवा आवरणाचा खपला गळून पडला, म्हणजे आतील पोलादाची झीज काही वर्षांपूर्वीच सुरू झालेली आहे असे समजावयास हवे. याहून जुना असा दुसरा एक दोष आहे. काँक्रीट ओततानाच दाट सळ्यांच्या जंजाळात खडी अडकते, चुरा व सिमेंटचा लगदा खाली उतरत नाही आणि मधपोळ्यासारखी सच्छिद्र जागा अथवा सरळ पोकळीच राहून जाते. साचा काढल्यावर गवंडी वरून गिलावा फिरवितो आणि तो दोष इमारतीच्या जन्मापासून झाकलेला राहतो. पहिला दोष रासायनिक आहे, दुसरा बांधकामाचा. पण दोघांचा संबंध निकटचा आहे, कारण पोकळीपाशी पोलादाला संरक्षण देणारे काँक्रीटच नसते.

या दोन दोषांचा काँक्रीट न फोडता माग काढण्याच्या दोन पद्धती सर्वत्र रूढ आहेत. पहिली श्राव्यातीत स्पंदवेगाची व दुसरी अर्धघट विभवाची. मुंबईत या पद्धतींना केवळ शास्त्रीय महत्त्व उरलेले नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करवून घ्यावी लागते. आणि तपासणीअंती एखादी इमारत ‘सी-१’ वर्गात पडली, तर ती रिकामी करून पाडावी लागते. तपासणीच्या अहवालात या दोन चाचण्यांच्या आकड्यांचे तक्ते असतात. एकाच इमारतीचे दोन अहवाल परस्परविरोधी निघाले, तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते. अशा वेळी प्रश्न उभा राहतो तो असा, की तक्त्यातील आकडा प्रत्यक्षात काय सांगतो आणि काय सांगत नाही? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला असून, एकेका आकड्याची मर्यादेशी तुलना करण्यापेक्षा शेजारच्या आकड्यांशी केलेली तुलना अधिक बोलकी का ठरते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

स्पंदवेगाचे तत्त्व

काँक्रीटमधून ध्वनितरंग पाठवून त्यांचा वेग मोजण्याचे काम १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड व कॅनडा या दोन देशांत जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले. इंग्लंडमध्ये रोड रिसर्च लॅबोरेटरीत जोन्स यांनी आणि कॅनडात लेस्ली व चीझमन यांनी यासाठी उपकरणे तयार केली. आज वापरात असलेल्या उपकरणाचे तत्त्व तेच आहे. एक प्रेषक काँक्रीटच्या एका पृष्ठावर दाबून धरतात व त्यातून सामान्यतः ५४ किलोहर्ट्झ कंप्रतेचा स्पंद सोडतात. समोरच्या पृष्ठावरील ग्राहकापर्यंत त्या स्पंदाचा पहिला अंश पोचण्यास किती मायक्रोसेकंद लागले, हे उपकरण मोजते. मग

वेग = मार्गाची लांबी ÷ प्रवासाचा काल

या साध्या सूत्राने वेग मिळतो. प्रथम पोचणारा हा अंश अनुतरंगाचा असतो आणि त्याचा वेग माध्यमाचा स्थितिस्थापकता गुणांक व घनता यांवर अवलंबून असतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. वेग हा काँक्रीटच्या ताकदीचा आकडा नव्हे. खडी जर घट्ट बेसाल्टाची असेल, तर तिच्यातून तरंग झपाट्याने जातात आणि सिमेंटचा लगदा मध्यम प्रतीचा असूनही एकूण वेग चांगला येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाची खडी वापरलेल्या काँक्रीटची अन्य प्रांतांतील काँक्रीटशी केवळ वेगावरून तुलना करणे म्हणूनच धोक्याचे असते.

१९९२ च्या भारतीय मानकाने (आय्. एस्. १३३११, भाग १) वेगावरून काँक्रीटची प्रत ठरविण्याचा तक्ता दिला. त्यानुसार ४.५ किलोमीटर प्रतिसेकंदाहून अधिक वेग उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगला, ३.० ते ३.५ मध्यम आणि ३.० हून कमी शंकास्पद मानला जाई. २०१८ साली या मानकाची जागा आय्. एस्. ५१६ च्या पाचव्या भागाने घेतली व वर्गवारीत फेरबदल झाले. तथापि तक्त्यात आकडा बसवून प्रत ठरविण्याची सवय मात्र कायम राहिली आहे. एकसारख्या घडणीच्या काँक्रीटबद्दल ठोकळमानाने मत बनविण्यास हा तक्ता उपयोगी आहे. पोकळी शोधण्यास तो कितपत उपयोगी पडतो, हे एका गणिताने तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

पोकळी वेगाला किती अडविते?

समजा, ३०० मिलिमीटर रुंदीची तुळई आहे व तिच्या निर्दोष भागात वेग ४.२० किलोमीटर प्रतिसेकंद आहे. आरपार मापनात स्पंदाला ७१.४ मायक्रोसेकंद लागतील. आता याच तुळईच्या बरोबर मध्यभागी, स्पंदाच्या वाटेत, १०० मिलिमीटर व्यासाची गोल पोकळी आहे असे मानू. स्पंद हवेतून जवळजवळ जात नाही. पण तो थांबतही नाही. तो पोकळीला वळसा घालून, तिच्या कडेला स्पर्श करणाऱ्या सर्वांत आखूड वाटेने पलीकडे पोचतो. ही वाट भूमितीने काढता येते. प्रेषकापासून पोकळीच्या कडेपर्यंतची स्पर्शरेषा १४१.४ मिलिमीटर, तेवढीच पलीकडची आणि मध्ये पोकळीच्या कडेने सुमारे ३४ मिलिमीटरांचा कंस. एकूण वाट ३१६.८ मिलिमीटर भरते. म्हणजे रुंदीचा एक-तृतीयांश भाग व्यापणाऱ्या पोकळीने स्पंदाची वाट केवळ साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढते. काल ७५.४ मायक्रोसेकंद होतो. आणि तुळईची रुंदी भागिले काल या सूत्राने येणारा भासमान वेग ३.९८ किलोमीटर प्रतिसेकंद निघतो.

तक्त्यात पाहिले, तर ३.९८ हा आकडा निःसंशय ‘चांगला’ या वर्गात बसतो. मूठभर नव्हे, तर दोन मुठी मावतील एवढे भोक तुळईच्या मध्यभागी असूनही वर्गवारी बदलत नाही! याउलट, शेजारच्या बिंदूंशी तुलना केली तर ७१.४ आणि ७५.४ यांतील फरक डोळ्यांत भरतो. चांगले उपकरण कालाचे वाचन ०.१ मायक्रोसेकंदापर्यंत दाखविते. तुळईची रुंदी एक टक्क्याच्या आत मोजली असेल, तर चार मायक्रोसेकंदांचा फरक मापनदोषात लपत नाही.

या पद्धतीने किती लहान पोकळी दिसेल, यालाही नैसर्गिक मर्यादा आहे. ४.२० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाला ५४ किलोहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे ७८ मिलिमीटर भरते. त्याहून बऱ्याच लहान पोकळ्यांना तरंग सहज ओलांडून जातो आणि कालात फरक पडत नाही. मधपोळ्यासारखा भाग मात्र वेगळ्या तऱ्हेने ओळखू येतो. तेथे असंख्य लहान पृष्ठांवर तरंगांचे विकिरण होते, त्यामुळे काल वाढतोच, शिवाय पोचणारा स्पंद क्षीण होतो. म्हणून अनुभवी निरीक्षक केवळ काल लिहून न घेता स्पंदाचा जोरही नोंदवितो. आकडा बरा पण स्पंद दुबळा, असा बिंदू पुन्हा तपासण्याजोगा असतो.

स्पंदवेगाची फसगत कोठे होते

फसगतीचे पहिले कारण गिलावा. गिलावा व काँक्रीट यांच्यामध्ये कागदाएवढी फट असली, तरी हवेच्या त्या थरातून स्पंद जाऊ शकत नाही. मग तो दूरच्या वाटेने फिरून येतो अथवा येतच नाही, आणि धड काँक्रीट शंकास्पद ठरते. यास्तव मापनाच्या प्रत्येक जागी गिलावा काढून काँक्रीटचे पृष्ठ घासून गुळगुळीत करावयास हवे आणि प्रेषक व पृष्ठ यांच्यामध्ये ग्रीज लावून हवा काढून टाकावयास हवी. कामास प्रारंभ करण्यापूर्वी, ज्याचा काल ठाऊक आहे अशा प्रमाणदांड्यावर उपकरण जुळवून घेणे हेही तितकेच आवश्यक असते.

दुसरे कारण पोलाद. सळईच्या लांबीच्या दिशेने स्पंद काँक्रीटपेक्षा वेगाने धावतो. मापनाची रेषा एखाद्या रिंगेला समांतर व निकट असेल, तर स्पंद त्या पोलादाचा आधार घेऊन लवकर पोचतो व दोष झाकला जातो. सळ्या आडव्या छेदल्या जात असतील, तर परिणाम अल्प असतो. म्हणून प्रथम सळईशोधकाने रिंगांच्या जागा आखून घ्याव्या आणि दोन रिंगांच्या बरोबर मध्ये मापनबिंदू ठेवावे, हा मार्ग सर्वांत सुरक्षित होय.

तिसरे कारण पाणी. पाण्याने भरलेल्या फटीतून स्पंद पार जातो. कोरड्या फटीपाशी अडखळतो. ओल्या काँक्रीटचा वेग कोरड्यापेक्षा काही टक्क्यांनी अधिक येतो. पावसाळ्यात निर्दोष वाटलेली तुळई वैशाखात सदोष वाटू शकते. म्हणून दोन ऋतूंतील आकड्यांची तुलना करताना ओलीची नोंद नसेल, तर ती तुलना निरर्थक ठरते.

शेवटी, मापन कोणत्या प्रकारे केले हेही पाहिले पाहिजे. स्लॅबसारख्या भागात दोन्ही बाजूंस पोचता येत नाही, म्हणून प्रेषक व ग्राहक एकाच पृष्ठावर ठेवतात. अशा मापनात स्पंद वरच्या थरातूनच जातो आणि मिळणारा वेग आरपार मापनापेक्षा सुमारे ५ ते २० टक्क्यांनी कमी असतो. एकाच तक्त्यात आरपार व एकपृष्ठी आकडे मिसळून सरासरी काढलेली असेल, तर त्या सरासरीस काही अर्थ उरत नाही.

अर्धघट विभवाचे तत्त्व

दुसरी पद्धती पोलादाच्या रासायनिक स्थितीकडे वळते. ताज्या काँक्रीटमधील छिद्रांत तीव्र अल्कधर्मी द्राव असतो व त्याचा पीएच् साडेबारा ते तेराच्या आसपास असतो. अशा द्रावात पोलादावर ऑक्साइडाचा अत्यंत पातळ, घट्ट थर बसतो आणि गंजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आत शिरत जाऊन अल्कता उतरली, किंवा समुद्रावरील खाऱ्या हवेतून आलेली क्लोराइडे सळईपर्यंत पोचली, की हा थर तुटतो. मग सळईचा एक भाग धनाग्र बनतो. तेथे लोह विरघळते व इलेक्ट्रॉन मागे राहतात :

Fe → Fe²⁺ + 2e⁻

हे इलेक्ट्रॉन सळईतून दुसऱ्या भागाकडे जातात व तेथे पाणी आणि ऑक्सिजन यांच्याशी संयोग पावतात :

O₂ + 2H₂O + 4e⁻ → 4OH⁻

हा दुसरा भाग ऋणाग्र होय. सळई, ओले काँक्रीट आणि ही दोन अग्रे मिळून एक लहानसा विद्युत् घटच तयार होतो. धनाग्रापाशी सळईचे विभव निष्क्रिय भागापेक्षा अधिक ऋण असते. हा फरक काँक्रीटच्या पृष्ठावरून मोजता आला, तर गंजाची जागा हुडकता येईल, ही या पद्धतीमागील कल्पना आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग विभागातील स्ट्रॅटफुल यांनी सॅन मॅटिओ–हेवर्ड पुलाच्या गंजाचा अभ्यास करताना तिचा उपयोग केला व १९५७ साली त्यासंबंधी लेखन प्रसिद्ध केले.

मापनाची रीत साधी आहे. मोरचुदाच्या संपृक्त द्रावात तांब्याची दांडी बुडविलेली नळी घेतात. हाच संदर्भ अर्धघट. नळीच्या तळाशी सच्छिद्र बूच असते व त्याखाली ओला स्पंज. काँक्रीट एका ठिकाणी फोडून सळई उघडी करतात, चकाकेपर्यंत घासतात व तिला तार जोडतात. तारेचे दुसरे टोक उच्च रोधाच्या व्होल्टमापकाला व व्होल्टमापकाची दुसरी तार अर्धघटाला जोडली, की स्पंज पृष्ठावर टेकवून ठिकठिकाणचे विभव मिलिव्होल्टांत वाचता येते.

मर्यादेचा आकडा आला कोठून?

अमेरिकेच्या ए. एस्. टी. एम्. सी ८७६ या १९७७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकामुळे दोन मर्यादा सर्वत्र प्रचलित झाल्या. विभव −२०० मिलिव्होल्टांपेक्षा कमी ऋण असेल, तर तेथे गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. −३५० पेक्षा अधिक ऋण असेल, तर गंज असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. आणि मधील पट्टा अनिश्चित. या आकड्यांच्या उगमाकडे सहसा लक्ष दिले जात नाही. हे आकडे मुख्यतः अमेरिकेतील पुलांच्या पृष्ठस्लॅबांवरील निरीक्षणांतून आले. तेथे हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकले जाते, क्लोराइडे वरून शिरतात, आवरण बेताचे असते आणि हवा मुबलक मिळते. मुंबईतील इमारतीच्या कोरड्या, कार्बनीभवन झालेल्या तुळईला अथवा खाडीत बुडालेल्या खांबाला तेच आकडे तसेच्या तसे लागू पडतील, असे मानण्यास आधार नाही. या मानकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत ही वर्गवारी मुख्य भागातून काढून परिशिष्टात ठेवण्यात आली, ही गोष्ट सूचक आहे.

बुडालेल्या खांबाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. पाण्याने पूर्ण भरलेल्या काँक्रीटमधून ऑक्सिजन सळईपर्यंत फारच मंद गतीने पोचतो. ऋणाग्राची क्रिया उपाशी राहते आणि सळईचे विभव −८०० किंवा −९०० मिलिव्होल्टांपर्यंत उतरते. मर्यादेचा तक्ता येथे गंजाची जवळजवळ खात्री देतो. प्रत्यक्षात ऑक्सिजनाअभावी गंजण्याचा वेग नगण्य असतो. याउलट, कार्बनीभवन झालेल्या कोरड्या तुळईत सळई सर्वत्र मंदपणे गंजत असूनही विभव फारसे ऋण दिसत नाही. म्हणजे विभव हे क्रियेच्या प्रवृत्तीचे माप आहे, तिच्या वेगाचे नव्हे.

मग यातून मार्ग कोणता? सर्व बिंदूंची विभवे आराखड्यावर मांडून समविभव रेषा काढावयाच्या, आणि त्या रेषा कोठे दाटतात ते पाहावयाचे. क्लोराइडांमुळे होणारा गंज स्थानिक असतो. म्हणून त्याच्याभोवती नकाशावर रेषांचे भोवरे उमटतात. ओलीमुळे किंवा ऑक्सिजनाच्या अभावामुळे आलेली ऋणता मात्र विस्तृत व संथ चढउताराची असते. आवरण जाड असेल, तर भोवऱ्याची धार बोथट होते, हेही लक्षात ठेवावे लागते.

मापनातील चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. पहिली म्हणजे सळ्यांची विद्युत् सलगता न तपासणे. तार जोडलेली सळई इतर सळ्यांना बांधणीच्या तारेने खरोखर जोडलेली आहे काय, हे दूरच्या दुसऱ्या उघड्या सळईशी रोध मोजून पाहावे लागते. तो एक ओहमच्या आसपास वा कमी असावा. दुसरी म्हणजे पृष्ठ कोरडे असणे. अशा वेळी आकडा तरंगत राहतो. पृष्ठ ओले करून थांबावे व पाच मिनिटांत वाचन २० मिलिव्होल्टांहून अधिक हलत नाही याची खात्री करावी. तिसरी चूक म्हणजे रंग, डांबर, सुटलेला गिलावा अथवा आतून सुटलेला काँक्रीटचा खपला यांवरून मापन करणे. विद्युत् मार्गच तुटलेला असल्याने तेथील आकडा सळईचा नसतो. एपॉक्सीचा लेप दिलेल्या सळ्यांसाठी ही पद्धती नाहीच.

एका तुळईचे उदाहरण

दोन्ही पद्धतींचा मेळ कसा घालावा, हे स्पष्ट होण्यासाठी एका तुळईचे उदाहरण रचून पाहणे सोयीचे होईल. समुद्राजवळच्या जुन्या इमारतीतील ४.८ मीटर लांबीची व ३०० मिलिमीटर रुंदीची तुळई घ्यावी. रिंगा १५० मिलिमीटर अंतरावर आहेत. गिलावा काढून, रिंगांच्या मध्यावर येतील असे, ३०० मिलिमीटर अंतरावर १६ उभे स्तंभ व तुळईच्या तळापासून १००, २२५ आणि ३५० मिलिमीटर उंचीवर तीन ओळी आखल्या. एकूण ४८ बिंदू झाले.

त्यांपैकी ४६ बिंदूंवर काल ७०.५ ते ७२.५ मायक्रोसेकंद आला. तळच्या ओळीत सातव्या स्तंभावर ७५.६ आणि आठव्यावर ८४.० आला व आठव्या ठिकाणी स्पंद स्पष्टपणे क्षीण होता. या दोन बिंदूंचे वेग अनुक्रमे ३.९७ व ३.५७ किलोमीटर प्रतिसेकंद होतात. १९९२ च्या तक्त्यानुसार दोन्ही ‘चांगले’. सर्व ४८ बिंदूंचा सरासरी काल ७१.८५ मायक्रोसेकंद व त्यावरून निघणारा वेग ४.१८ किलोमीटर प्रतिसेकंद. हे दोन बिंदू नसते, तर तो ४.२० आला असता. अहवालात ‘सरासरी वेग ४.१८, प्रत चांगली’ एवढेच लिहिले, तर एकही आकडा खोटा नसतानाही तुळईतील दोष अहवालातून नाहीसा होतो.

त्याच स्तंभांच्या रेषेत तुळईच्या तळावरून अर्धघटाने विभवे मोजली. इतर ठिकाणी ती −१५० ते −२०० मिलिव्होल्ट होती. सहाव्या स्तंभापाशी −२६०, सातव्यापाशी −३९०, आठव्यापाशी −४२० आणि नवव्यापाशी एकदम −२७०. तुळईच्या दुसऱ्या टोकाला, स्नानगृहाच्या भिंतीजवळ, अकराव्या स्तंभापासून −२४०, −२९०, −३३०, −३६५, −३८० आणि −३८५ अशी क्रमाने उतरती विभवे मिळाली. केवळ −३५० ची मर्यादा लावली, तर सातवा–आठवा आणि चौदावा ते सोळावा हे पाचही स्तंभ सारखेच दोषी ठरतात. परंतु पहिल्या जागी ३०० मिलिमीटरांत १३० ते १५० मिलिव्होल्टांची उडी आहे, तर दुसऱ्या जागी तेवढ्याच अंतरात ५० मिलिव्होल्टांहून अधिक फरक कोठेच नाही. शिवाय पहिल्या जागी स्पंदाचा कालही वाढलेला आहे. दुसऱ्या जागी तो शेजाऱ्यांसारखाच आहे.

यावरून दोन वेगळी अनुमाने निघतात. सातव्या–आठव्या स्तंभापाशी सळ्यांच्या खाली काँक्रीट पोचलेले नाही व त्या वाटेने आत शिरलेल्या ओलाव्याने स्थानिक गंज सुरू झाला आहे. टोकाकडील ऋणता मात्र भिंतीतून झिरपणाऱ्या ओलीची असावी. अनुमान हे अनुमानच. म्हणून दोन्ही ठिकाणी छिन्नीने आवरण काढून पाहणे ही पुढील पायरी. आठव्या स्तंभापाशी खडीचे मोकळे मधपोळे व त्यात खड्डे पडलेली सळई मिळाली, आणि २० मिलिमीटर व्यासाची सळई एका जागी १७ मिलिमीटर उरली असेल, तर तेथील छेदाचे क्षेत्र सुमारे २८ टक्क्यांनी घटले आहे. पंधराव्या स्तंभापाशी सळई स्वच्छ निघाली, फिनॉल्फ्थेलीन शिंपडल्यावर पृष्ठाजवळचे काही मिलिमीटर सोडून काँक्रीट गुलाबी झाले आणि क्लोराइडाचे प्रमाणही अल्प आढळले, तर तेथे दुरुस्ती तुळईची नव्हे, नळाच्या गळतीची करावयाची आहे. ओल सुकल्यावर त्या जागेची विभवे पुन्हा मोजावी. ती वर चढली, तर अनुमानाला पुष्टी मिळते, आणि न चढली तर शंका कायम ठेवावी लागते.

या उदाहरणात दोन्ही चाचण्या एकाच जागी बोट दाखवितात. नेहमी तसे घडत नाही. वेग निर्दोष आणि विभवाचा भोवरा तीव्र असेल, तर गंज नुकताच सुरू झाला असून त्याने अद्याप काँक्रीट फोडलेले नाही, अशी स्थिती संभवते. दुरुस्तीच्या दृष्टीने हीच सर्वांत मोलाची वेळ होय. वेग कमी आणि विभव सौम्य असेल, तर पोकळी आहे परंतु ती कोरडी आहे, असे समजावे. पहिल्याच मोठ्या गळतीत तिची स्थिती पालटू शकते.

अहवालात काय असावे

वरील विवेचनावरून तपासणीच्या अहवालाकडून कोणती अपेक्षा धरावी, हे स्पष्ट होते. प्रत्येक भागाचा सरासरी वेग व त्यापुढे एक विशेषण एवढ्याने अहवाल पुरा होत नाही. मापनबिंदूंचा आराखडा, प्रत्येक बिंदूचा काल, मापन आरपार की एकपृष्ठी, पृष्ठ ओले की कोरडे, विभवाचा नकाशा आणि कोणत्या जागा फोडून पाहिल्या व तेथे काय आढळले, या गोष्टी नसतील तर दुसऱ्या तज्ज्ञाला त्या अहवालाची फेरतपासणी करता येत नाही. दोन अहवाल परस्परविरोधी निघतात, तेव्हा पुष्कळदा मापने विरोधी नसतात; एकाने सरासरीवर बोट ठेवलेले असते व दुसऱ्याने एका वाईट बिंदूवर. आराखडा व नकाशा समोर असला, तर हा विरोध टेबलावरच मिटू शकतो.

गंजण्याचा वेग जाणून घ्यावयाचा असेल, तर काँक्रीटचा विद्युत् रोध व ध्रुवीकरण रोध यांची मापने जोडावी लागतात. ताकद ठरवावयाची असेल, तर काँक्रीटचे गोल नमुने कापून ते दाबून पाहावे लागतात. स्पंदवेग व अर्धघट विभव या दोन चाचण्यांचे काम त्याआधीचे आहे. छिन्नी कोठे लावावी, हे त्या सांगतात. छिन्नी न लावताच त्यांच्याकडून अंतिम निर्णय काढून घेतला, तर धोकादायक तुळई सुरक्षित ठरू शकते आणि केवळ ओल लागलेल्या तुळईपायी धडधाकट इमारतीतील कुटुंबांना घर सोडावे लागू शकते.